‘असं’च्या अलीकडे

ती मुलगी मला पहिल्या दिवसापासून आवडली नाही, आणि त्याचं कारण तिच्यात नव्हतंच. हे आज लिहायला सोपं जातंय. तेव्हा मी स्वतःला बरीच कारणं पुरवली होती. ती चहाचा कप विसळत नाही. फोनवर बोलताना खुर्ची गोल गोल फिरवते. ‘अनुभव’मधला नु दीर्घ काढते. या शेवटच्या कारणाचा तर मी जवळजवळ खटला चालवला होता. खरं कारण एवढंच होतं की आमचे सर दुपारी केबिनमधून बाहेर आले की माझ्या टेबलाशी येऊन उभे राहायचे, ते आता तिच्या टेबलाशी उभे राहायला लागले होते.

आमचं ऑफिस ठाण्यात, नौपाड्यात, एका दातांच्या दवाखान्याच्या वर. खालून ड्रिलचा आवाज येतो आणि वर आम्ही धंदा शिकवतो. म्हणजे सर शिकवतात. डोंबिवली एमआयडीसीतले वर्कशॉपवाले, कल्याणचे कापडवाले, पार्लरवाल्या, शहाडचा एक फरसाणवाला, अशी मंडळी शिकायला येतात. सर स्वतः पंधरा-वीस वर्षं मशीनचे सुटे भाग विकत फिरलेले. त्यामुळे ते पुस्तकातलं बोलत नाहीत. मी नऊ वर्षं त्यांचं बोलणं कागदावर आणि नंतर पडद्यावर उतरवते आहे. त्याआधी मी प्रुफं तपासायचे.

सरांचं बोलणं उतरवणं वाटतं तितकं सोपं नाही. त्यांना नकलेची सवय आहे. दुकानदार मनात काय म्हणतो ते सर दुकानदार होऊन बोलतात. खुर्चीत मागे रेलतात, पोटावर हाताची घडी घालतात, आणि इतक्या खात्रीने बोलतात की समोरचे माना डोलावायला लागतात. मग थांबतात. पाण्याचा घोट घेतात. आणि पुढे वाकून म्हणतात, ‘असं आपण म्हणतो.’ मग त्या सगळ्या माना एकदम ओशाळतात. ही त्यांची जुनी खेळी. आपली भाषाच तशी आहे, कोण म्हणतं ते आधी सांगायची सक्ती नाही, आधी सगळं बोलून घ्यायचं आणि ‘असं’ शेवटी लावायचं. नवीन माणूस आला की सरांचं बोलणं उतरवताना हमखास इथे चुकायचा, आणि मी हसून दुरुस्त करायचे. ‘सरांचं बोलणं कळायला ताई लागतात,’ असं ऑफिसात म्हणायचे. माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. गाडी, पदवी, केबिन, काहीही नाही. सरांचं बोलणं मला कळतं, ही एक गोष्ट होती.

मग ऑनलाइन वर्ग सुरू झाले. एका वेबिनारमधून आठवडाभराच्या पोस्ट काढायच्या, ही पद्धत माझीच. सर शनिवारी संध्याकाळी दीड तास बोलतात, ते रेकॉर्ड होतं. पुढचे पाच दिवस आम्ही ते उकलत बसतो. दीड तासात सर पंधरा-वीस गोष्टी बोलतात, त्यांतल्या सहा-सात धरायच्या आणि एका दिवसाला एकच द्यायची. सोमवारी मुख्य मुद्दा. मंगळवारी तोच मुद्दा पाच पानांत, बोटाने सरकवत वाचायचा. बुधवारी सरांच्या बोलण्याचा अर्ध्या मिनिटाचा तुकडा, उभ्या चौकटीत, खाली अक्षरं, कारण दुकानात बसलेला माणूस आवाज बंद ठेवून बघतो. गुरुवारी कुणी विचारलेला प्रश्न, नाव काढून. शुक्रवारी ईमेल. शनिवारी पुढच्या वर्गाचं बोलावणं, आणि रविवारी नुसता एक प्रश्न, ज्याला लोकांनी उत्तर द्यावं. हे सगळं आधी तयार करून वेळ लावून ठेवायचं, म्हणजे पुढच्या सोमवारपासून आपोआप जात राहतं. कॉम्प्युटरवर सगळ्यांची मिळून एक शीट असते. तीत वाक्य, कितव्या मिनिटापासून कितव्या मिनिटापर्यंत, खाली काय लिहायचं, आणि शेवटच्या रकान्यात तपासणाऱ्याची खूण. ती खूण माझी. तिच्याशिवाय काही बाहेर जायचं नाही.

मुलगी आली ती व्हिडिओ कापायला. वय चोवीस. ठाकुर्लीला राहायची, आई डोंबिवलीच्या बाजारात मासळी विकायची. पहिल्या महिन्यात तिने मुकाट्याने मी दिलेलं कापलं. दुसऱ्या महिन्यात एका तुकड्याखालचा मजकूर मी वेळेत दिला नाही, तर तिने स्वतःच लिहून टाकला. सर भाव कमी न करण्याबद्दल बोलले होते. तिने लिहिलं, ‘माझी आई मासे विकते. गिऱ्हाईक बाई म्हणते, महाग देतेस. आई म्हणते, ती टोपलीपुढून अजून उठली नाही ना, मग तिला घ्यायचंच आहे.’

एवढंच. त्यात तीन चुका शुद्धलेखनाच्या. आणि त्या पोस्टखाली लोक आपापल्या आयांबद्दल लिहायला लागले. आमचे जुने विद्यार्थी, जे मला नऊ वर्षांत अंगठ्याच्या चित्रापलीकडे काही पाठवत नव्हते, ते परिच्छेद पाठवायला लागले. सरांनी सोमवारच्या मीटिंगमध्ये ते मोठ्याने वाचून दाखवलं. मी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांपेक्षा जोरात वाजवल्या. आणि घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं की हल्ली लोकांना भाषेचं काही उरलेलं नाही. तो म्हणाला, ‘कुणी काय केलं?’ मी म्हटलं, ‘कुणी काही नाही.’

मी जळत होते. साधा शब्द आहे आणि तोच बरोबर आहे. तिने डबा उघडला की तळलेल्या बोंबलाचा वास यायचा आणि सगळे तिच्या टेबलाकडे सरकायचे, त्यावरही मी जळायचे, आणि मी तर शाकाहारी आहे.

मग सरांनी जुन्या गिऱ्हाइकांवरचा वेबिनार ठरवला. त्याला कारण होतं. वर्षातून एकदा आमची मोठी बॅच असते, वर्षभर चालणारी, आणि तिला फक्त जुने विद्यार्थी येतात. तिचं सगळं लिखाण, पत्रं, पुस्तिका, आजवर मीच केलेलं. वेबिनारच्या आधी सर मला म्हणाले, ‘ह्या वेळची आठवड्याची मालिका तिला बांधू दे. तुम्ही वाक्यं काढून द्या आणि शेवटी नजर टाका. नीट जमलं तर मोठ्या बॅचचं काम पण तिच्याकडे देऊ म्हणतो. तुमच्यावरचा भार कमी होईल.’

भार! मी ‘बरं सर’ म्हटलं. शनिवारी वेबिनारमध्ये लोकांचे प्रश्न वाचून दाखवायचं काम मी करायचे, तेही त्या वेळी तिला दिलं होतं. मी सांगितलं की माझ्याकडे कल्याणला भाचीचा साखरपुडा आहे. साखरपुडा होता हे खरं. दुपारी दोनला जेवणं आटोपली होती आणि वेबिनार सहाला होता हेही खरं. मी भावजयीच्या घरी साडी नेसूनच सोफ्यावर बसून राहिले आणि सहा वाजून गेल्यावर उठले.

सोमवारी मला वाक्यं काढायची होती. वाक्यं काढायची म्हणजे रेकॉर्डिंग ऐकायचं, नऊ वर्षं मी तेच केलं. पण हेडफोन लावून सरांचा आवाज ऐकायचा म्हणजे मध्ये मध्ये तिचाही आवाज ऐकायचा, प्रश्न वाचणारा, आणि सर तिला ‘छान वाचलंस हं’ म्हणतानाचा. मला ते नको होतं. म्हणून मी आपोआप उतरवून येणारा मजकूर उघडला. तो मराठीत भयानक येतो. गिऱ्हाईकचं ‘गिरा एक’ होतं. पण वाचता येतं. आणि एकेचाळिसाव्या मिनिटाला मला हे सापडलं:

‘जुनं गिऱ्हाईक कुठे जातंय? त्याला आपली सवय लागलेली असते. त्याच्यामागे कशाला धावायचं? धावायचं ते नव्याच्या मागे.’

पुढे पूर्णविराम. त्याच्यापुढे नवा परिच्छेद.

मी ते दोनदा वाचलं आणि माझे कान तापले. म्हणजे हे असं आहे तर. इतके दिवस मला वाटत होतं की मीच काहीतरी मनात धरतेय. इथे तर सर शंभर लोकांसमोर सांगून मोकळे झाले होते. जुनं कुठे जातंय? त्याला सवय लागलीय. मी नऊ वर्षं त्याच खुर्चीत बसले होते, तीही मोडकी, उशी घालून. मी ते वाक्य रागारागाने उचललं, बुधवारच्या रकान्यात टाकलं, सुरुवातीची वेळ, शेवटची वेळ, आणि वर लिहायचे ठळक शब्द: ‘धावा नव्याच्या मागे.’ मला वाटलं, घ्या. म्हणालात ना, मग बुधवारी सगळ्यांना दिसू दे.

सरांनी असं काही म्हणणं शक्यच नाही, हा विचार मला शिवला नाही. वेबिनारचा विषयच जुनं गिऱ्हाईक सांभाळणं हा होता, हेही नाही. मला जे ऐकायची भीती होती नेमकं तेच मी वाचलं होतं, मग पुढचा परिच्छेद कोण वाचतंय.

त्या दिवशी दुपारपासून तिच्या टिपा शीटमध्ये यायला लागल्या. एकेका चौकटीच्या कोपऱ्यात पिवळा त्रिकोण. ताई, हा फोटो चालेल का? ताई, इथे मोठा फॉन्ट करू? पहिल्या दोन मी वाचल्या. मग मला त्या त्रिकोणांचाच राग आला. समोर दहा फुटांवर बसलीय आणि टिपा कसल्या पाठवते! मी उरलेल्या सगळ्यांवर ‘निकाली’ असं दाबत गेले, न वाचता, आणि त्रिकोण एकेक करून नाहीसे झाले. फार बरं वाटलं.

शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत मला सगळ्यावर खूण करायची होती. सोमवार बरा होता. मंगळवार तर चांगलाच होता, पाचही पानं एका दमात वाचली जात होती, आणि मी त्यात एक अनुस्वार शोधून काढला. मग बुधवारचा तुकडा लावला.

पडद्यावर सर खुर्चीत मागे रेललेले होते. पोटावर हाताची घडी.

हे मी ऐकलं नाही, नुसतं बघितलं, आणि मला त्याच क्षणी कळलं. सर दुकानदार झालेले होते. हे सरांचं मत नव्हतंच, सर ज्याची टर उडवत होते त्याचं मत होतं. मी दुसऱ्यांदा लावलं. शेवटच्या शब्दानंतर त्यांचा हात पाण्याच्या ग्लासाकडे जायला निघतो, आणि तिथेच तुकडा संपतो. ‘असं’च्या अलीकडे. मी तिसऱ्यांदा लावलं.

आणि मला आनंद झाला. लपवण्यात काही अर्थ नाही. पोरीला सरांचं बोलणं कळत नाही, हे तिने स्वतःच्या हाताने कापून सिद्ध केलं होतं. वेळा शीटमध्ये मीच लिहिलेल्या होत्या हे माझ्या डोक्यातच नव्हतं. सोमवारचा राग सोमवारी संपला होता, त्या रागात मी काय लिहिलं ते मी विसरूनही गेले होते. मला एवढंच दिसत होतं की कापलंय तिने, आणि चुकीचं कापलंय. मी उठून दहा फूट चालत जाऊन म्हणू शकले असते, ‘अगं, पुढचं घे.’ दहा सेकंदांचं काम. मी बुधवारसमोर खूण केली, पर्स उचलली आणि ‘चला, येते हं’ म्हणून निघाले.

शनिवार, रविवार, सोमवार, मंगळवार. चार दिवस माझ्याकडे होते. रविवारी डोंबिवलीत भाजी घेताना मनात आलं की फोन करून सांगावं. मी कोथिंबिरीची जुडी परत ठेवून दुसरी घेतली आणि तो विचारही तिच्याबरोबर ठेवून दिला. मंगळवारी ती सगळ्यांना म्हणाली की उद्याचा व्हिडिओ मस्त झालाय. मी म्हटलं, ‘हो, छान आहे.’

बुधवारी दुपारी एक वाजता तो गेला. ती वेळ मीच कधीतरी ठरवलेली, दुकानदार जेवायला बसतो आणि फोन हातात घेतो म्हणून. सव्वा वाजता जुन्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर पहिला निरोप आला. एमआयडीसीत नळाचे जोड बनवणाऱ्या एका गृहस्थांचा, जे सरांच्या अगदी पहिल्या बॅचचे. ‘सर, कळलं. आम्हाला सवय लागलीय.’ त्याखाली एका पार्लरवाल्या बाईंनी हात जोडलेले टाकले. मग फरसाणवाला: ‘नव्यांना शुभेच्छा.’ मोठ्या बॅचला येणारी हीच माणसं होती.

सर केबिनमधून बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात फोन होता आणि चेहरा उतरलेला होता. ते रागावले की आवाज खाली जातो. त्यांनी तिला आत बोलावलं. दार लोटलेलं राहिलं.

‘हे मी बोललो का?’ सर म्हणाले.

‘बोललात सर, पण…’

‘पण काय?’

‘पुढे होतं ना अजून.’

‘मग पुढचं कुठे गेलं? ह्या लोकांनी मला धंदा दिला बाळा. पहिल्या बॅचला सात जण होते, त्यांतला हा एक. त्याला मी काय तोंड दाखवू?’

ती म्हणाली, ‘मी परत विचारायला हवं होतं सर. सॉरी.’

‘परत’ हा शब्द मी ऐकला, पण त्याचा अर्थ मला लागला नाही. मी माझ्या खुर्चीत ताठ बसले होते आणि मनातल्या मनात तयारी करत होते. सर आता मला बोलावतील. ताई, हे तुमच्या नजरेतून सुटलं कसं, असं विचारतील. मी म्हणणार होते की घाई होती, सात पोस्ट एकदम आल्या, आणि कापणाऱ्याने मुळात ऐकायला हवं. त्यासाठी हाताशी पुरावा असावा म्हणून मी शीट उघडली. बुधवार. वाक्य. सुरुवातीची वेळ, शेवटची वेळ. ‘धावा नव्याच्या मागे.’ मी त्या चौकटीवर बाण नेला आणि कोणी लिहिलं ते बघितलं. तिथे माझं नाव होतं.

मग मी निकाली काढलेल्या टिपा उघडल्या. त्या कुठेही जात नाहीत, नुसत्या बाजूला होतात. बुधवारच्या चौकटीवर तिची टीप होती, सोमवार दुपारची: ‘ताई, इथे सर थांबलेत पण संपले नाहीत. पुढचं “असं म्हणत म्हणत आपली दुकानं रिकामी झाली” पण घेऊ ना? नाहीतर उलटा अर्थ होतोय. तुम्हाला सरांचं जास्त कळतं म्हणून विचारतेय.’ आणि तिच्याखाली माझं नाव आणि ‘निकाली’. एकाच मिनिटात नऊ टिपा निकाली.

तिने ऐकलं होतं. पूर्ण दीड तास, बहुतेक दोनदा. मी एकदाही ऐकलं नव्हतं. आणि गंमत म्हणजे तेव्हासुद्धा पहिला विचार हाच आला की हिला तेही जमतं.

मी आत गेले. अंगात सद्‌गुण संचारला म्हणून गेले, असं कुणी समजू नये. शीट सगळ्यांना दिसते. सरांनी दुपारी नाही तर संध्याकाळी उघडलीच असती. मी म्हटलं, ‘सर, तिने मला विचारलं होतं. वेळा मी काढल्या होत्या, न ऐकता. तिची टीप मी वाचली नाही. चूक माझी आहे.’

सरांनी आधी माझ्याकडे, मग तिच्याकडे, मग परत माझ्याकडे बघितलं. मला वाटलं ओरडतील. ते म्हणाले, ‘तुमचं काम मी कधी तपासतच नाही. तपासायला हवं हे मनातच येत नाही.’ आणि मग थोड्या वेळाने, ‘मी पण जरा जास्तच थांबतो.’ ते मला सांभाळून घेत होते, हे कळत होतं आणि ते सहन होत नव्हतं.

पुढचे दोन तास तिघांनी मिळून काम केलं. व्हिडिओ काढून टाकला. तिने पुढचा तुकडा जोडला, पाण्याच्या घोटासकट. मी थांबणं कापू या म्हणाले, लांब वाटतंय. ती म्हणाली, ‘नको ताई, त्या थांबण्यातच आहे ना सगळं. लोकांना एक सेकंद पटायला पाहिजे, मगच लाज वाटेल.’ बरोबर होतं. सरांनी ग्रुपवर आवाजातला निरोप पाठवला, अर्धवट कापलेलं गेलं, ऑफिसची चूक, पूर्ण ऐका. मग एकेकाला फोन लावले. पहिल्या बॅचचे गृहस्थ फोनवर मोठ्याने हसले, आम्हाला बाहेरपर्यंत ऐकू आलं. शनिवारच्या बोलावण्याचा मजकूर तिने बदलला, रविवारचा प्रश्न मी बदलला. मोठ्या बॅचचं काम कोण करणार याबद्दल सर काही बोलले नाहीत. बोलायची गरज नव्हती. गुरुवारी सकाळी शीटमध्ये तपासणाऱ्याच्या रकान्यात माझ्या नावाशेजारी तिचं नाव आलेलं होतं, माझं पहिलं आणि तिचं दुसरं. ते सरांनी टाकलं होतं.

मला वाटलं की एवढ्यावर सुटले. कबूल केलं होतं, लोटलेल्या दारातून सगळ्यांना ऐकू जाईल असं केलं होतं. एकजण तर येऊन म्हणाला, ‘ताई, मानलं तुम्हाला.’ मी मान खाली घालून नम्रपणे हसलेसुद्धा.

शुक्रवारी दुपारी डबे खाऊन बाकीचे खाली पान खायला गेले होते. आम्ही दोघी सिंकपाशी होतो. ती कप विसळत होती, तिचाही आणि माझाही. खालून ड्रिलचा आवाज येत होता. तो थांबल्यावर ती म्हणाली, ‘ताई, एक विचारू?’

‘विचार ना.’

‘त्या शुक्रवारी, खूण करायच्या आधी, तुम्ही तो व्हिडिओ तीनदा लावलेला. मी समोरच होते.’

मी माझा डबा पुसायला घेतला.

‘तिसऱ्यांदा तुम्ही हसलात. मला वाटलं आवडला. घरी जाऊन आईला पण सांगितलेलं, की ताई हसल्या बघून.’ तिने नळ बंद केला. ‘तुमच्या तेव्हाच लक्षात आलेलं ना?’

केबिनमध्ये मी सांगितलं होतं ते सगळं खरं होतं. टीप वाचली नाही हे खरं, वेळा माझ्या हे खरं. हे मात्र मी कुणालाच सांगितलं नव्हतं, आणि हे कुठल्याही शीटमध्ये दिसत नव्हतं. मी नाही म्हणू शकले असते. हो-नाहीच्या मध्ये माझ्याकडे भरपूर वाक्यं तयार होती, नऊ वर्षं तेच काम केलंय.

‘हो,’ मी म्हटलं. ‘तेव्हाच कळलं होतं.’

‘मग सांगितलं का नाही?’

‘जळत होते तुझ्यावर.’

तिला धक्का बसेल असं मला वाटलं होतं. निदान ती ‘माझ्यावर कशाला ताई’ म्हणेल, म्हणजे मला काहीतरी समजावून सांगता येईल. तिने दोन्ही कप उपडे ठेवले आणि ओढणीला हात पुसले.

‘ते माहीत होतं मला,’ ती म्हणाली. ‘पहिल्या महिन्यातच कळलेलं. पण कामात नाही आणणार तुम्ही, असं वाटलेलं.’